टाचेवरची गाठ आणि माझे पाच रिपोर्ट

टाचेच्या मागच्या शिरेवर दोन वर्षं गाठ होती. बूट चावतो, म्हणून असेल असं धरून चाललो होतो. डॉक्टरांनी ती चिमटीत धरून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबांना हार्ट अटॅक कितव्या वर्षी आला?" ४१ व्या. माझं वय २६, वजन ६२ किलो आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २६२.

ती गाठ कोलेस्टेरॉल साचून झालेली होती. आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, आणि तो आईवडिलांकडून येतो. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे यकृतातले रिसेप्टर माझ्याकडे जन्मापासूनच कमी आहेत. त्यामुळे नुसत्या पथ्यावर भागणार नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली रोझुवास्टॅटिन २० ही गोळी सुरू झाली आणि आठ आठवड्यांनी एलडीएल १३८ वर आलं. मला ठरवून दिलेलं लक्ष्य मात्र ७० च्या आत.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. आमच्या घरी तेल बेताचंच, तळण सणासुदीलाच, म्हणून मी निर्धास्त होतो. वही वाचून त्यांनी दुधावर बोट ठेवलं. दिवसभरात माझ्या पोटात अर्धा लिटर फुल क्रीम दूध जायचं. त्यात ६ टक्के स्निग्धांश, म्हणजे ३० ग्रॅम, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारा. डबल टोन्ड घेतलं की तेच साडेसात ग्रॅमवर येतं. दुसरं बोट खोबऱ्यावर. आम्ही रत्नागिरीचे, वाटणाशिवाय आमटी होत नाही. आईने वाटणात खोबरं अगदी नावाला ठेवून भाजलेला कांदा वाढवला. पहिला आठवडा बाबा काही न बोलता जेवले.

यात भर म्हणून इसबगोल, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी पाच-पाच ग्रॅम, ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, कारण थांबलं की खळ होते. सुरुवातीला पोट फुगायचं. गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं, म्हणून गोळी झोपताना. बारा आठवड्यांनी एलडीएल ११९. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी साधारण सहाच टक्के जास्त उतरतं. हा उतार जवळपास चौदा टक्क्यांचा होता.

इथे मी चुकलो. पथ्य एवढं लागू पडतंय तर गोळी कशाला, असं वाटलं आणि कुणाला न सांगता ती बंद केली. दूध, खोबरं, इसबगोल सगळं तसंच चालू होतं. सहा आठवड्यांनी एलडीएल २३१. डॉक्टर रागावले नाहीत. २६२ आणि २३१ हे दोन आकडे शेजारी लिहून म्हणाले, "तुझ्या पथ्याची एकट्याची ताकद एवढी."

गोळी पुन्हा सुरू झाली, सोबत आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू न देणारी इझेटिमाइब १०. ताज्या रिपोर्टात ९१ आहे. लक्ष्य अजून २१ ने लांब, म्हणून आता रोझुवास्टॅटिन ४० करून आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. त्याच दिवशी धाकट्या बहिणीचंही रक्त द्यायचं आहे. तिला हा आजार असण्याची शक्यता निम्मी आहे.