तुम्ही विचारलंत म्हणून: पायावर घाव घालण्याआधी

"ताई, एक प्यादं पुढे सरकवायला एवढी तयारी कशाला? लगेच ढकललं तर काय बिघडतं?"

सदाशिव पेठेतल्या आमच्या बुद्धिबळाच्या वर्गात शनिवारी संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले पालक भिंतीवरचा मोठा पट बघत थांबतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. पटावर बहुतेक वेळा किंग्ज इंडियन बचाव ही काळ्याची सुरुवात लावलेली असते, म्हणून त्याच्याच आधाराने सांगते.

पांढऱ्याची प्यादी सी४, डी५, ई४ वर आहेत आणि काळ्याची सी७, डी६, ई५ वर. मधली प्यादी एकमेकांना अडवून उभी आहेत आणि मध्यभाग बंद झाला आहे. तिरकी उभी राहून एकमेकांना धरणारी प्यादी म्हणजे साखळी. काळ्याच्या साखळीत ई५ हे टोक, आणि त्याला धरून ठेवणारं डी६ हा पाया. टोकावर कितीही मोहरे रोखले तरी डी६ जागेवर आहे तोवर ई५ पडत नाही. म्हणून पांढऱ्याला सी४चं प्यादं सी५वर नेऊन डी६ला भिडायचं असतं. डी६ला मागून सी७चा आधार आहे खरा. पण सी५चं प्यादं डी६वर मारलं आणि सी७च्या प्याद्याने परत मारलं, की डी६च्या मदतीला एकही प्यादं उरत नाही आणि सी पट्टी मोकळी होते. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

मग लगेच का नाही ढकलायचं? समजा, पांढऱ्याचा घोडा अजून एफ३वर आहे, त्याच्या काळ्या घरांवरच्या उंटाने सी१ सोडलेलं नाही, आणि आपण सी५ केलं. काळा डी६ने सी५ मारतो. ते प्यादं परत घ्यायला आपल्याकडे कोणीच तयार नाही. ई५चा आधार गेला म्हणून घोड्याने ई५ मारावं, तर काळ्याचा घोडा ई४ मारतो, जी७च्या उंटासाठी लांब तिरकी रेषा उघडते आणि तो आपल्या ई५च्या घोड्यावर रोखला जातो. त्यातच डी५ उघडं पडतं, कारण त्याला धरणारं सी४ आता तिथे नाही आणि ई४ही गेलं. पालकांना हीच बाजू दिसत नसते. सी५ करताना आपण काळ्याचा पाया हलवतो, तसा आपल्याही साखळीतून एक प्यादं काढून घेतो.

म्हणून तयारी. १९५३ साली झुरिचच्या उमेदवार स्पर्धेत तायमानोव आणि नायडॉर्फ यांचा जो डाव झाला, तो मी मुलांकडून खेळी खेळी करून मांडून घेते. पांढऱ्या तायमानोवने एफ३चा घोडा ई१वर मागे घेतला. पुढे जायचं असताना मोहरा मागे का, हे मुलांना पटायला वेळ लागतो. पण घोडा हलल्यामुळे एफचं प्यादं एफ३वर आलं, ई४ घट्ट झालं, आणि घोडा पुढे ई१वरून डी३वर जाऊन सी५ आणि ई५ दोन्हींकडे बघू लागला. उंट आधी ई३वर आला आणि काळ्याने एफ४ केल्यावर एफ२वर सरकला. तिथूनही त्याची नजर सी५वर होतीच.

इथे मी पट थांबवते. सी५वर पांढऱ्याचे घोडा आणि उंट असे दोघं. काळ्याचं डी६ आणि डी७वरचा घोडा, तेही दोघं. गेल्या महिन्यात एक आठवीतली मुलगी सी५वर बोट ठेवून पुन्हा पुन्हा मोजत होती. तिचं म्हणणं होतं, दोनास दोन आहेत, अजून एक मोहरा आणायला हवा. मी तिला काळ्याची पुढची खेळी करायला सांगितली. नायडॉर्फला राजावर चाल करून जायचं होतं, जी४ला जोर लावायचा होता, म्हणून त्याने डी७चा घोडा एफ६वर नेला. सी५वरचा एक पहारेकरी आपणहून निघून गेला. तायमानोवने त्याच क्षणी, चौदाव्या खेळीला, सी५ केलं. आता डी६ने मारलं तर उंट सी५ परत मारतो आणि आधार गेलेल्या ई५वर डी३चा घोडा टपलेला राहतो. नायडॉर्फने मारलं नाही, घोडा जी६वर आणला.

तायमानोवनेही लगेच डी६वर मारामारी केली नाही. सी पट्टी उघडून उपयोग कधी, तर आपला हत्ती त्या पट्टीवर असेल तेव्हा. त्याने आधी हत्ती सी१वर आणला, मग सी२वर नेला, आणि सतराव्या खेळीला प्यादी बदलली. डी६ एकटं पडलं, सी७ ही आत शिरायची जागा झाली. सी५ची चाल इतकी नीट तयार केलेली मला फार थोड्या डावांत दिसते.

आणि तरीही हा डाव काळ्याने जिंकला. मुलांना तो दाखवण्याचं हेच कारण.

नायडॉर्फने हत्ती एफ७वर आणून सातव्या ओळीतून सी७ धरलं आणि उंट एफ८वर नेऊन डी६ धरलं. दोन खेळ्यांत पाया सावरला. दुसऱ्या अंगाला त्याचं जी४ चालून येत होतं, आणि ते पांढऱ्याच्या साखळीचा पाया असलेल्या एफ३लाच भिडणार होतं. दोघंही एकमेकांच्या पायावर निघाले होते, फरक एवढाच की काळ्याच्या वाटेच्या शेवटी राजा होता. तायमानोवने वजीर डी२वर आणि दुसरा हत्ती सी१वर आणला, तोवर जी३ येऊन राजाचं घर फुटलं होतं. पांढऱ्या हत्तीला सी७ गाठायला एकतिसावी खेळी उजाडली. माझ्या मते हत्तीमागे हत्ती लावण्यात वेळ गेला, त्याऐवजी घोडा बी५वर यायला हवा होता. तिथून तो डी६ आणि सी७ दोन्हींवर रोखला जातो आणि काळ्याला आणखी मोहरे बचावासाठी मागे ठेवावे लागतात.

त्यामुळे मुलांना मी दोन मोजण्या शिकवते. पहिली सी५ची: डी६ने मारलं तर परत कोण मारणार, आणि सी४ हलल्यावर डी५ टिकणार का. दुसरी वेळेची: काळ्याचं जी४ किती खेळ्यांवर आहे आणि आपला पहिला मोहरा सी७ किंवा डी६पर्यंत किती खेळ्यांत पोहोचतो. पहिलीत सगळं जुळतंय पण दुसरीत दोन खेळ्यांनी मागे आहोत, तर तयारीतलंच काहीतरी वगळावं लागतं.

ग्रँडमास्टर कोर्चनॉय नेमकं तेच करत. याच मांडणीत ते घोडा डी३वर आणायला थांबत नसत. काळ्याचा घोडा डी७वर असतानाच हत्ती सी१वर आणायचा आणि सी५ ढकलायचं. काळ्याने घोड्याने ते प्यादं मारलं, की लगेच बी४. घोड्याला ए६वर, पटाच्या कडेला जावं लागतं. पांढऱ्याचं एक प्यादं गेलेलं असतं, पण सी पट्टी पांढऱ्याच्या हत्तीसाठी मोकळी होते, काळ्याचा एक मोहरा राजावरच्या हल्ल्यापासून लांब जाऊन पडतो, आणि डी३वरची घोड्याची खेळी नंतर सवडीने करता येते.