वाक्य खोडत लोणारपर्यंत

कोकणातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करते. आमच्याकडे वाचकांसाठी तीन संगणक आहेत आणि शाळा सुटल्यावर ते बहुधा गृहपाठ करणाऱ्या मुलांच्या ताब्यात असतात. गेल्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी आठवीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, अर्धा तास शोधतेय, पण उत्तरच येत नाही." तिच्या वहीतला प्रश्न असा होता : "आपल्या राज्यात अशनीच्या आघातातून तयार झालेल्या सरोवराच्या पाण्याचा रंग 2020 मध्ये कशामुळे बदलला, याची इंटरनेटवरून माहिती मिळवून सविस्तर लिहा."

हे संपूर्ण वाक्य तिने शोधपट्टीत जसेच्या तसे, अगदी पूर्णविरामासकट लिहिले होते. हल्लीची शोधयंत्रे लांब वाक्यांतूनही बराच अर्थ काढतात, त्यामुळे तिला काहीच मिळाले नव्हते असे नाही. राज्यातील सरोवरांच्या याद्या, अशनी म्हणजे काय हे सांगणारी पाने आणि इतर मुलांनी असेच प्रश्न विचारून ठेवलेली प्रश्नोत्तरांची पाने तिच्यासमोर होती. या शेवटच्या प्रकारच्या पानांवर प्रश्न हुबेहूब जुळतो आणि उत्तर मात्र दोन ओळींचे, कोणी लिहिले याचा पत्ता नसलेले असते. प्रश्नाचे शब्द घेऊन शोधले की प्रश्नच सापडतात, हे मी इथे अनेकदा पाहिले आहे.

मी तिला संगणकापासून बाजूला बसवले आणि प्रश्न कोऱ्या कागदावर लिहायला सांगितला. मग एकेका शब्दावर बोट ठेवून मी एकच गोष्ट विचारत गेले : ज्याने याचे उत्तर लिहिले असेल, त्याच्या लेखात हा शब्द असेल का? "इंटरनेटवरून माहिती मिळवून सविस्तर लिहा" हे शब्द तिने लगेच खोडले, कारण ते बाईंनी तिच्यासाठी लिहिले होते, सरोवराविषयी नव्हे. "आपल्या" या शब्दापाशी ती थांबली. लेख लिहिणारा "महाराष्ट्रात" असे लिहील, हे तिचे तिलाच सुचले. "कशामुळे" गेला. "झालेल्या" गेला. कागदावर उरले ते महाराष्ट्र, अशनी, आघात, सरोवर, पाणी, रंग आणि 2020.

अडचण अशी होती की या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द प्रश्नात नव्हताच. सरोवराचे नाव बाईंनी मुद्दाम गाळले असावे. अशा वेळी दोन टप्प्यांत शोधावे लागते, आधी नाव आणि मग त्या नावाबद्दलची गोष्ट. तिने "महाराष्ट्र अशनी आघात सरोवर" एवढेच लिहिले आणि पहिल्याच पानावर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आले. बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेल्या विवरातले ते खारे, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे, एवढे वाचून ती खूश झाली. यानंतर अशनी आणि आघात या शब्दांचे काम संपले होते, म्हणून तेही खोडायला लावले. ते तसेच ठेवले असते तर विवर कसे झाले हेच पुन्हा पुन्हा वाचावे लागले असते.

पुढच्या वेळी तिने घाईत "लोनार रंग बदलला" असे लिहिले. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कळफलकावर ण च्या जागी न सहज पडतो. हिंदीत हे नाव बहुधा न ने लिहितात, त्यामुळे समोर "लोनार झील" असलेली हिंदी पाने जास्त आली. न चा ण केल्यावर मराठी बातम्या वर आल्या, पण नुसत्या "लोणार" शब्दाने त्या नावाचे गाव आणि तालुकाही सोबत येतो, म्हणून "सरोवर" परत घेतले. बातम्यांचे मथळे चाळताना तिच्या लक्षात आले की कोणीही "रंग बदलला" एवढ्यावर थांबलेले नाही, सगळ्यांनी "गुलाबी" म्हटले आहे. तिने तो शब्द उचलला. "लोणार सरोवर गुलाबी 2020" या चार शब्दांवर तिच्यासमोर नेमकी तीच घटना आली.

मला वाटले, आता माझे काम झाले. मी नोंदवहीकडे वळले आणि दहा मिनिटांनी ती वही दाखवायला आली, तर उत्तरात लिहिले होते, "शैवालामुळे पाणी गुलाबी झाले." कुठून मिळाले असे विचारल्यावर कळले की मोठ्या भावाने फोनवर तसे सांगितले होते, म्हणून तिने "लोणार सरोवर गुलाबी शैवाल" असा शोध घेतला होता. त्यावर आलेल्या प्रत्येक पानावर शैवाल हा शब्द होताच, कारण तिने तोच मागितला होता. खरे सांगायचे तर ही चूक पूर्ण वाक्य लिहिण्यापेक्षा अधिक फसवी आहे. वाक्य लिहिणाऱ्याला निदान कळते की उत्तर मिळाले नाही.

मी तिला त्या पानांच्या तारखा वाचायला सांगितल्या. बहुतेक पाने जून 2020 मधली होती. पाणी गुलाबी दिसू लागले ते त्याच महिन्यात, आणि तेव्हा तज्ज्ञ शैवाल किंवा सूक्ष्मजीव अशा शक्यता बोलून दाखवत होते, नमुने तपासायचे होते. म्हणून "शैवाल" खोडून तिथे "नमुने अहवाल" असे लिहायला सांगितले. या दोन शब्दांत उत्तराचा अंदाज नाही, पण तपासणी झाल्यानंतर लिहिलेल्या मजकुरात ते असणारच. आता जुलैमधल्या बातम्या वर आल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या गुलाबी रंगद्रव्यामुळे आल्याचे दिसले होते. कमी पाऊस आणि जास्त तापमान यांमुळे पाण्यातील क्षारता वाढली आणि हे जीव फोफावले, असे कारण दिले होते. नमुना काही काळ स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसून पाणी पुन्हा नितळ झाले, हा तपशील तिला इतका आवडला की तिने तो वहीत चौकट करून लिहिला. पहिली ओळ तिने खोडली नाही, तिच्यापुढे "आधीचा अंदाज" असे लिहून जून आणि जुलै हे दोन महिने मांडले, जे मी सुचवले नव्हते.

जाताना तिला याच विषयावरचे पुस्तक हवे होते, म्हणून आमच्या पुस्तकसूचीच्या संगणकावर तिने "लोणार सरोवराच्या पाण्याची माहिती" असे लिहिले आणि उत्तर शून्य आले. आमची सूची जुनी आहे, ती अर्थ ओळखत नाही, अक्षरे जुळवते. "सरोवर" लिहिले तर "सरोवराच्या" असलेली नोंद सापडते, कारण सुरुवातीची अक्षरे तीच राहतात, पण "पाणी" लिहून "पाण्याचे" सापडत नाही आणि "तळे" लिहून "तळ्यातील" सापडत नाही. अशा शब्दांची दोन्ही रूपे वेगवेगळी शोधावी लागतात. हे मी सांगत होते तोवर तिने सगळे पुसून फक्त "लोणार" लिहिले होते. दोन पुस्तके दिसली, त्यातले एक आधीच कोणी नेलेले होते, दुसरे घेऊन ती पावसात सायकलवरून गेली.