लाल दिवा आणि दुपारचे तीन

ब्रॉडबँड कंपनीच्या तक्रार विभागात रागाची पत्रं रोज येतात. हे पत्र शांत होतं. 'आपले तंत्रज्ञ सकाळी येतात तेव्हा इंटरनेट व्यवस्थित चालते. दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा बंद पडते.' खाली बाईंनी तारीख, वेळ आणि बंद पडताना डब्यावरचा कोणता दिवा पेटला होता ते लिहिलं होतं. प्रत्येक ओळीत तेच: एलओएस, लाल.

मला एवढंच पुरलं. नुसता इंटरनेटचा दिवा गेला असता तर लॉगिन किंवा सर्व्हरकडे पाहिलं असतं. एलओएस लाल होतो तो फायबरमधून पुरेसा प्रकाश पोहोचत नसेल तेव्हा. म्हणजे राउटर बदलून काहीही साधणार नव्हतं. आमच्या लोकांनी तो बदलला होता, दोनदा.

तक्रारीची जुनी तिकिटं उघडली. प्रत्येकावर 'पॉवर उणे २६, ओके' असं लिहून तिकीट बंद. पॉवर म्हणजे फायबरमधून घरी पोहोचणारा प्रकाश; उणे आकडा जितका मोठा, तितका तो कमी. चूक इथेच होती. उणे २७ ही त्या डब्याची मर्यादा, म्हणून उणे २६ कागदावर पास होतं. पण एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या त्याच स्प्लिटरवरच्या शेजाऱ्यांना उणे २० मिळत होतं. सहा डेसिबलचा फरक म्हणजे बाईंच्या घरी शेजाऱ्यांच्या चौथ्या हिश्शाएवढाच प्रकाश पोहोचत होता. शेजारी ठीक आहेत म्हटल्यावर दोष स्प्लिटरच्या पुढे, बाईंच्या घरापर्यंत जाणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये.

आमच्या यंत्रावर आणखी एक गोष्ट दिसली. घराकडे जाणारा प्रकाश खूप घटत होता, घरून परत येणारा त्या मानाने कमी. जाणारा १४९० नॅनोमीटरचा, येणारा १३१० चा. फायबर कुठे जास्त वाकली की लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी निसटतो. कनेक्टर मळला असता तर दोन्हीकडे जवळपास सारखीच घट दिसली असती.

मग भेट मुद्दाम दुपारची ठेवली. मीही गेलो. इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा जोडडबा होता, हात टेकवेना इतका तापलेला. झाकण काढलं तर आत फायबरची वेटोळी बोटभर रुंदीत कोंबून वर टाय आवळलेला. उन्हाने डबा नि केबल फुगायची, वेटोळं आणखी दाबलं जायचं, आणि काठावरची पॉवर मर्यादेखाली जायची. मीटरवर त्या वेळी उणे २८ होतं. टाय कापला, वेटोळं मोठं करून बसवलं, तशी आकडा तिथल्या तिथे उणे २०.५ वर आला. जोड नव्याने करायचीही गरज पडली नाही.

माझ्या मते तिकिटावर नुसतं 'ओके' लिहायची मुभाच नको. शेजाऱ्याचा आकडा शेजारी लिहिणं सक्तीचं हवं. तसा प्रस्ताव मी दिलाय. बाईंनी बंद दिवसांचे पैसे बिलातून वजा करून मागितले होते. ते पत्र मी शिफारस लिहून बिलिंगकडे पाठवलं.