बुधवारी निफ्टी चढतो म्हणे

"दहा वर्षांचा डेटा काढला. बुधवारी निफ्टी इतर दिवसांपेक्षा जास्त चढतो, पी-व्हॅल्यूसुद्धा ०.०५ च्या खाली आली. मंगळवारी घेऊन बुधवारी विकणारा बॉट लावू का?"

इतक्यात नको. आधी मला एक सांगा, बुधवार तुम्हाला सापडला कसा? बहुतेक पाचही वारांची सरासरी काढली, सगळ्यात उंच दांडी बुधवारची दिसली आणि मग बुधवारची चाचणी घेतली. माझी पहिली हरकत इथेच आहे.

सोपे आकडे धरून हिशेब करू. दहा वर्षांत साधारण ५०० बुधवार येतात आणि इतर वार २,०००. निफ्टीची रोजची चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १ टक्का धरा. बुधवारची सरासरी ०.१४ टक्के आली आणि बाकीच्या दिवसांची ०.०३, तर फरक झाला ०.११ टक्के. या फरकाची प्रमाण त्रुटी ०.०५ टक्के येते. भागाकार २.२, पी-व्हॅल्यू सुमारे ०.०२८. एकटा बुधवार आधीच ठरवून तपासला असता, तर हे दखल घेण्याजोगं होतं. पण पाच वारांतून सर्वांत ठळक तो निवडला, तर वारांचा काही संबंध नसतानाही इतका मोठा फरक कुठल्या ना कुठल्या वारी दिसण्याची शक्यता सुमारे १३ टक्के होते. त्यासोबत बारा महिनेही चाळले असतील, तर सतरा तपासण्या झाल्या आणि शक्यता ३८ टक्क्यांवर गेली. ०.०२८ हा आकडा खरा आहे, पण तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे.

महिन्यांच्या बाबतीत हे आणखी फसवं होतं. "दहापैकी नऊ डिसेंबर वर गेले" हे वाक्य भारदस्त वाटतं. पण कुठलाही महिना वर जाण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर दहात नऊ किंवा दहा वेळा वर जाण्याची शक्यता ४.६ टक्के असते, आणि बारा महिन्यांपैकी एकाला तरी हा मान निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता ४३ टक्के. हेच निफ्टीतल्या पन्नास शेअर्सवर करा. शेअर आणि महिना अशा ६०० जोड्या होतात. शक्यता अगदी नाणेफेकीइतकी, ५० टक्के धरली, तरी "दहापैकी नऊ" वाल्या सहा-सात जोड्या आपोआप निघतात. ज्याच्याकडे त्या पोचतात त्याला बाकीच्या ५९० कुणी दाखवत नाही.

म्हणून मी सूत्रापेक्षा वारांची पत्त्यांसारखी पिसणी जास्त वापरतो. परतावे जिथल्या तिथे ठेवायचे, फक्त वारांची नावं त्याच आठवड्याच्या आत अदलाबदल करायची. आठवड्याच्या आतच का, तर बाजारात वादळी आठवडे आणि शांत आठवडे वेगवेगळे असतात. सगळा डेटा एकत्र पिसला तर ती रचना मोडते. प्रत्येक पिसणीनंतर बुधवारचा फरक मोजायचा नाही, त्या पिसणीतला सर्वांत मोठा फरक मोजायचा, मग तो कुठल्याही वाराचा असो. तुमची निवड अशीच झाली होती ना, मग तुलनाही तशीच हवी.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()

def best(d):
    m = d.groupby("wd")["r"].mean()
    return (m - d["r"].mean()).abs().max()

real, sim = best(df), []
for _ in range(2000):
    t = df.copy()
    t["wd"] = t.groupby("week")["wd"].transform(
        lambda x: rng.permutation(x.values))
    sim.append(best(t))
p = (1 + sum(s >= real for s in sim)) / 2001
```

`week` मध्ये वर्ष आणि आठवडा दोन्ही असू द्या, नाहीतर दरवर्षीचा तिसावा आठवडा एकत्र होईल. शनिवारची खास सत्रंही आधी बाजूला काढा. १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्पासाठी बाजार शनिवारी उघडा होता. अशा एक-दोन दिवसांचा 'शनिवार' हा सहावा गट बनला, तर सर्वांत मोठा फरक जवळपास दर वेळी त्याचाच येईल.

यातून दावा तगला, तर मग मोजक्या दिवसांचा भार किती ते बघा. यासाठी सोमवारचं उदाहरण चांगलं. १७ मे २००४ ला निफ्टी १२ टक्क्यांहून जास्त पडला, १८ मे २००९ ला निवडणूक निकालानंतर १७ टक्क्यांहून जास्त चढला, २३ मार्च २०२० ला सुमारे १३ टक्के कोसळला. तिन्ही सोमवार. बाजार बंद असताना शनिवार-रविवारी घडलेलं सगळं सोमवारी एकदम उतरतं, म्हणून त्या वाराला असे दिवस जास्त लागतात यात नवल नाही. ५०० सोमवारांत १३ टक्क्यांची एक घसरण सरासरी ०.०२६ टक्क्यांनी खाली ओढते. ज्या फरकावर आपण बॉट उभा करणार आहोत त्याचा हा जवळजवळ पाव हिस्सा, तोही एका दिवसाचा. टोकाचे पाच-सहा दिवस काढून दावा उरत नसेल, तर ती वाराची सवय नव्हे.

पुढचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: हे का व्हावं? आपल्याकडे वारांना खरी कारणं असू शकतात, पण ती कारणं बदलत आली आहेत. २००१ पर्यंत एनएसईवर बुधवार ते मंगळवार असं साप्ताहिक सेटलमेंट होतं आणि बीएसईवर सोमवार ते शुक्रवार. त्या काळचे वारांचे परिणाम त्या चक्राशी बांधलेले असू शकतात, म्हणून तो डेटा आजच्यात मिसळू नये. २०१९ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी गुरुवारी होती. १ सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी आली. ही आयती परीक्षा आहे. तुमचं म्हणणं "बुधवार हा एक्सपायरीच्या आदला दिवस म्हणून चढतो" असं असेल, तर आता तो परिणाम सोमवारी सरकायला हवा. तो बुधवारीच राहिला, तर तुमचं कारण चुकलं. कुठेच दिसेना, तर बहुधा तो आधीही नव्हता. मात्र ही तपासणी करताना वाराऐवजी 'एक्सपायरीला किती सत्रं उरली' असा रकाना ठेवा, कारण सुट्टी आली की एक्सपायरी आदल्या सत्रात जाते.

कारण पटलं तरी बॉटला तो परतावा मिळतो का, हे वेगळं. बंद भावापासून बंद भावापर्यंत मोजलेल्या ०.१४ टक्क्यांत मंगळवार रात्रीची झेपही धरलेली असते. बुधवारी सकाळी सव्वानऊला घेणाऱ्या बॉटला ती मिळत नाही. मंगळवारी शेवटी घेतलं तर मिळते, पण मग रात्रीची जोखीम आणि मार्जिन दोन्ही आले. ब्रोकरेज, एसटीटी, स्टॅम्प ड्यूटी आणि भावातली घसर मिळून एका फेरीला किती जातात ते तुमच्या स्वतःच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून काढा आणि ०.१४ मधून वजा करा. वर्षात पन्नास फेऱ्या होतील. ०.०५ टक्के खर्च म्हणजे वर्षाला अडीच टक्के.

आता तुम्ही म्हणाल, वर्षभर पेपर ट्रेडिंग करून बघतो. जरूर करा, पण त्यातून काय कळेल ते आधी समजून घ्या. ५० बुधवारांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ०.१४ टक्के, म्हणजे तुमच्या सरासरीएवढीच. दावा खरा असूनही वर्ष तोट्यात जाऊ शकतं, आणि खोटा असूनही झकास जाऊ शकतं. त्या वर्षात ऑर्डर वेळेवर लागते का, भाव किती सरकतो, सुट्टीच्या आठवड्यात बॉट काय करतो, एवढंच खात्रीने कळेल. बुधवारबद्दलचा निकाल पिसणीतून आणि सरकलेल्या एक्सपायरीतूनच घ्यावा लागेल. तुमच्या फाइलमधले सप्टेंबर २०२५ नंतरचे दिवस अजून बघितले नसतील, तर ते तसेच न उघडता ठेवा, कुठल्या वारी काय दिसायला हवं ते आधी लिहून काढा, आणि मग मला पाठवा.