कोल्हापुरी चटणीचा पाऊच दसऱ्याला बाजारात: शेवटचे 42 दिवस कसे आखले

आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. ती 200 ग्रॅमच्या छापील पाऊचमध्ये दसऱ्याला दुकानांत आणायची होती, पहिल्या खेपेला 4,000 पाऊच म्हणजे 800 किलो माल. या सहा आठवड्यांचे वेळापत्रक आम्ही दसऱ्यापासून उलटे मोजत आखले. ज्यांना सणाच्या तोंडावर असे उत्पादन बाजारात आणायचे आहे, त्यांच्यासाठी ते इथे मांडतो.

उलटी मोजणी सुरू होण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात. एक, पक्की पाककृती. दुसरी, प्रयोगशाळेचा पोषणमूल्यांचा अहवाल. पाऊचवर 100 ग्रॅममागचे पोषणमूल्य छापायचे होते, म्हणून अहवाल यायचा असताना मजकूर पक्का करणे निरर्थक होते.

दसऱ्याआधीचे 42 दिवस सारखे नसतात, हे कॅलेंडर समोर ठेवल्यावर दिसते. गणेश चतुर्थी साधारण 36 दिवस आधी येते, अनंत चतुर्दशी 26 दिवस आधी. त्यानंतर पितृपंधरवडा. या काळात बरेच दुकानदार नवीन माल ठेवायला तयार नसतात. घटस्थापनेला नऊ-दहा दिवस उरतात आणि त्या दिवसापासून अंबाबाईच्या देवळाभोवती गर्दी वाढते, गाड्यांना वाट मिळत नाही. म्हणजे छपाई गणपतीत अडकते, ऑर्डर पंधरवड्यात अडते आणि वाटप नवरात्रात. म्हणून आम्ही तीन तारखा न हलणाऱ्या धरल्या: 38 दिवस उरले असताना पाऊचचा मजकूर बंद, 20 उरले असताना पाऊच हातात, आणि घटस्थापनेच्या सकाळी माल दुकानात.

रोजची तपासणी सकाळी दहाला, दहा मिनिटांची. भिंतीवरच्या कागदावर दिवस, काम, कोणाचे आणि पुरावा असे चार रकाने. उत्तर फक्त ‘झाले’ किंवा ‘नाही’. ‘चालू आहे’ लिहायला मनाई, कारण त्यातून किती उरले ते कळत नाही. काम दोन दिवसांपेक्षा मोठे असेल तर त्याचे तुकडे करायचे. पुराव्याचा रकाना सर्वांत कामाचा ठरला. ‘छापखान्याला ऑर्डर दिली’ याचा पुरावा फोन नव्हे. आगाऊ रक्कम खात्यातून गेल्याची नोंद आणि छापखान्याने तारीख घालून पाठवलेले उत्तर, हा पुरावा.

पहिल्या आठवड्यातले सगळे काम मजकुराचे. रोटोग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरला जातो, त्यामुळे नंतर एक अक्षर बदलायचे तरी तो सिलिंडर नव्याने करावा लागतो. शिवाय छपाई थोडी करून मिळत नाही. आम्हाला 250 किलो लॅमिनेट घ्यावे लागले. एक पाऊच सुमारे 8 ग्रॅमचा, म्हणजे हिशोबाने 31,000 पाऊच. चूक झाली तर ती पहिल्या 4,000 पाऊचांपुरती न राहता पुढच्या सगळ्या साठ्यावर छापलेली राहते. म्हणून बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, कमाल किरकोळ किंमत आणि दर ग्रॅमची किंमत (120 रुपयांना 200 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला 60 पैसे) सिलिंडरवर घेतलीच नाही. त्यांच्यासाठी पांढरी चौकट सोडली आणि तो मजकूर भरताना इंकजेटने मारला. अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नमुन्यावर बोट ठेवून जुळवायचा, असे दोनदा केले.

तरी एक चूक नमुन्यापर्यंत आलीच. एक रंग, म्हणजे एक सिलिंडर वाचवण्यासाठी बारकोडच्या रेषा पाऊचच्याच लाल रंगात घेतल्या होत्या. मोबाइलने कोड वाचला, म्हणून तो बरोबर वाटला. 39 दिवस उरले असताना छापील नमुना एका किराणा दुकानातल्या स्कॅनरखाली धरला, तर काहीच वाचले गेले नाही. त्या स्कॅनरचा उजेड लाल असतो. लाल उजेडात लाल रेषा आणि पांढरी जागा त्याला सारखीच दिसते. मोबाइलचा कॅमेरा रंगांतला फरक ओळखतो, म्हणून तो फसवतो. रेषा काळ्या केल्या, मागे पांढरा चौकोन घेतला, दोन्ही कडांना मोकळी जागा ठेवली. बारकोडची तपासणी दुकानातल्या स्कॅनरवरच करायची, हे तेव्हापासून कागदावर लिहिलेले आहे.

गणपतीचे दिवस छापखान्यावर सोडून आम्ही दुकानांत नमुन्याच्या पुड्या दिल्या आणि पंधरवडा लागण्याआधी ऑर्डर लिहून घेतल्या. छापखान्याने 23 दिवस उरले असताना पाऊच देतो म्हटले होते. आम्ही 20 धरले होते आणि पाऊच 21 दिवस उरले असताना आले. राखीव दिवस प्रत्येक कामात थोडे थोडे मिसळले तर ते कुठे गेले ते कळत नाही, म्हणून तीन इथे आणि दोन वाटपाच्या आधी, असे उघड ठेवले होते. पाऊच उघडून आधी वास घ्यावा. थर चिकटवल्यावर पुरेसा वेळ न ठेवलेल्या लॅमिनेटला रसायनाचा वास येतो आणि कोपऱ्यात नखाने थर सुटतात. असा माल परत करायचा.

पाऊच हातात आल्याशिवाय मिरची डंकावर न्यायची नाही, हा आमचा आग्रह. भाद्रपदातल्या दमट हवेत ड्रममध्ये थांबलेली चटणी ओल धरते. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, शिवाय भाजलेले खोबरे, तीळ, कांदा आणि लसूण. कुटताना चटणी गरम होते. ती रात्रभर पसरून गार केली, कारण गरम भरली तर आत वाफ धरते आणि गाठी होतात.

भरायला पाच दिवस ठेवले, 17 ते 13 दिवस उरले असतानाचे. दोन जणींचे एक टेबल तासाला 150 पाऊच, दिवसाचे सहा तास प्रत्यक्ष भरणे, म्हणजे रोज 900. काम अडले ते सीलपाशी. खोबऱ्या-तिळाच्या तेलाने चटणीची पूड पाऊचच्या तोंडाला आतून चिकटते आणि तिथे सील धरत नाही. डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून दर तासाला पाच पाऊच पाण्यात दाबून बुडबुडे पाहिले, आणि रोज दहा पाऊच तोंड खाली करून पांढऱ्या कागदावर 5 किलो वजनाखाली रात्रभर ठेवले. पहिल्या दिवशी दहापैकी तीन कागदांवर तेलाचे डाग पडले. यंत्राचा ताप वाढवणे हा उपाय नव्हता, त्याने पाऊच आक्रसतो. लांब नळीचे नरसाळे पाऊचच्या तळापर्यंत घालून भरले आणि सील करण्याआधी तोंड कोरड्या फडक्याने पुसले. डाग थांबले, पण वेग तासाला 130 वर आला. त्या दिवशीचे 900 पुन्हा भरावे लागले आणि दोन राखीव दिवस तिथेच गेले. निव्वळ वजन काट्यावर 202 ग्रॅम ठेवले, कारण 200वर लक्ष ठेवले की काही पाऊच खाली जातात.

घटस्थापनेला सकाळी सहाला छोटा टेम्पो निघाला. महाद्वार रोड आणि ताराबाई रोडची दुकाने आधी, मग लक्ष्मीपुरी, शेवटी राजारामपुरी. दुकाने अजून बंद होती, तिथल्या माणसांना सकाळी लवकर येऊन थांबायला आदल्या रात्रीच सांगितले होते. आठच्या आत देवळाजवळचे वाटप झाले. त्यानंतर कागदावर रोज एकच ओळ उरली: कोणत्या दुकानात किती पाऊच शिल्लक. खंडेनवमीला तीन दुकानांत दहापेक्षा कमी उरले, तिथे दुचाकीवरून माल पोचवला. दसऱ्याला संध्याकाळी लोक सीमोल्लंघनाला दसरा चौकात निघायच्या आत शेवटचा आकडा लिहिला.