बाराच्या रात्रीची गाडी

रामबागेतले काका-काकू, काकांचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन बहिणी, अशी सहा माणसं त्रिस्थळी यात्रेला निघाली होती. प्रयाग, काशी, गया. सगळ्यांत लहान वय एकसष्ट. बुकिंग घरातल्या तिघांनी केलेलं. विमानाची तिकिटं मुलीने काढली होती, रेल्वेची पुण्याच्या पुतण्याने, आणि हॉटेलं काकांनी स्वतः फोनवर. माझ्याकडे आले ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे एकोणीस स्क्रीनशॉट, चार पीडीएफ आणि हॉटेलवाल्याचा एक व्हॉइस मेसेज, "कन्फर्म है अंकलजी, आप बस आ जाइए." या ढिगातून तारीखवार कागद करून द्यायचा, हे माझं इंदूरच्या ऑफिसातलं अकरा वर्षांचं काम.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय, तारखा लावायच्या आणि टाइप करायचं. अर्धा वेळ जातो तो कुठला नंबर कुणाला दाखवायचा हे शोधण्यात. ज्या साइटवरून विमानाचं तिकीट काढता तिचा बुकिंग आयडी हा भलामोठा आकडा असतो आणि तो विमानतळावर काही कामाचा नाही. तिथे लागतो एअरलाइनचा सहा अक्षरी पीएनआर, जो त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतो. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी. हॉटेलचं तर साइटचं व्हाउचर वेगळं आणि हॉटेलच्या रजिस्टरातली नोंद वेगळी, म्हणून मी प्रत्येक हॉटेलला फोन करून नाव कसं लिहिलंय ते विचारते. व्हॉइस मेसेजवाल्याच्या रजिस्टरात काका नव्हतेच. तीन दिवस फोन केल्यावर आले.

प्रवास असा होता. ८ नोव्हेंबरला दुपारी इंदूर-दिल्ली विमान, रात्री दिल्लीहून प्रयागची गाडी. ९ ची रात्र प्रयागला. १० ला मोटारीने काशी, हॉटेल १२ पर्यंत. मग गयेची गाडी, गयेचं हॉटेल १३ पासून, १३ ला सकाळी विष्णुपदावर श्राद्ध. १४ ला गयेहून दिल्लीची रात्रीची गाडी, १५ ला विमानाने घरी.

गयेच्या तिकिटाशी मी आले तेव्हा लगेच एक चूक दिसली. काका सारखं "बनारस स्टेशन, बनारस स्टेशन" म्हणत होते आणि तिकिटावर होतं DDU. म्हणजे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, जुनं मुगलसराय, गंगेच्या पलीकडे, काशीतून पंधरा-सोळा किलोमीटर. वाराणसी जंक्शन म्हणजे BSB, बनारस म्हणजे BSBS, जे पूर्वी मंडुआडीह होतं. तीनही वेगवेगळी. अशा ठिकाणी माणसं भलत्या फलाटावर बसून राहतात. मी काकांना फोन केला, मोटार आधी ठरवायला लावली, कागदावर ठळक अक्षरांत 'DDU, वाराणसी नव्हे' असं लिहिलं. काका म्हणाले, "ताई, तुम्ही होतात म्हणून." मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याच ओळीतली वेळ मी नीट वाचलीच नाही.

पुतण्याच्या स्क्रीनशॉटवर होतं: 12 Nov, 12:25 AM.

मी ते १२ नोव्हेंबरच्या रकान्यात टाकलं, अगदी शेवटी, 'सायं. घाटावर' याच्या खाली. घरच्यांच्या बोलण्यात ती गाडी 'बाराच्या रात्रीची' होती आणि माझ्याही डोक्यात तीच बसली. बाराच्या रात्री जेवून निघायचं. पण १२ तारखेचे ००:२५ म्हणजे ११ तारखेला जेवून निघायचं. कागदावर २४ तासांचं घड्याळ वापरायचं हा माझाच नियम. 'रात्री १२:२५' असं न लिहिता ००:२५ लिहिलं असतं, तर ते दिवसाच्या तळाशी टाकताना हात थांबला असता.

यावर आमच्याकडे एक चाचणी आहे, आमच्या साहेबांची. एकूण रात्री मोजायच्या आणि हॉटेलच्या व गाडीतल्या रात्रींची बेरीज करायची. दोन्ही जुळलं की कागद पाठवायचा. ८ ते १५ म्हणजे सात रात्री. गाडी, प्रयाग, काशी, काशी, गाडी, गया, गाडी. सात. जुळलं, पाठवला.

आता बसून बघते तेव्हा कळतं की ही चाचणी नेमकी याच चुकीला आंधळी आहे. गाडी खरं तर ११ च्या रात्रीची होती, म्हणजे ११ ला काशीची खोलीही होती आणि गाडीतली बर्थही. १२ च्या रात्री काहीच नव्हतं. एका रात्री दोन अंथरुणं, दुसऱ्या रात्री एकही नाही, बेरीज तरीही सातच. मध्यरात्रीनंतरची गाडी चुकीच्या रात्री टाकली की आकडा एका घरातून दुसऱ्या घरात सरकतो, बेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही. साहेबांना हे समजावलं तर ते म्हणाले, "पण टोटल तर लागली होती ना?"

११ ला रात्री पावणेनऊला पुतण्याने मेसेज पाठवला. चार्ट लागल्याचा एसएमएस त्याच्या मोबाइलवर आला होता. खाली त्याने विचारलं होतं, "ताई, उद्याच्या गाडीचा चार्ट आजच कसा?" मी भाकरी थापत होते. पिठाच्या हाताने फोन उघडला आणि ती वेळ पहिल्यांदा वाचली.

काका फोन उचलेनात. दशाश्वमेधावरून आरतीच्या गर्दीतून परतत होते. हॉटेलच्या काउंटरला सांगून ठेवलं. सव्वानऊला काकांचा फोन आला. गाडी पकडणं अशक्य नव्हतं, तीन तास हातात होते. पण सामान बांधून धावायचं, पहाटे तीनच्या पुढे गयेला उतरायचं आणि तिथे खोली १३ पासून. शिवाय १२ च्या सकाळी काकूंचा रुद्राभिषेक ठरलेला, त्यासाठी त्या वर्षभर थांबलेल्या. दुसरा मार्ग म्हणजे गाडी सोडून १२ ला मोटारीने जायचं. साधारण अडीचशे किलोमीटर, सहा तास धरायचे. चार्ट झाल्यावर तिकीट ऑनलाइन रद्द होत नाही आणि कन्फर्म तिकिटाचे पैसे विसरायचे, हेही मी सांगितलं. सहा माणसांचे.

काकांनी काकूंना विचारलं, मला पलीकडून ऐकू आलं. मग म्हणाले, "गाडी सोडा."

रात्री अकरापर्यंत मी सात आसनी मोटार ठरवली, गयेचं हॉटेल एक रात्र अलीकडे ओढलं. १२ ला दुपारी निघून सगळे रात्री पोचले. १३ ला श्राद्ध यथासांग झालं. मोटारीचे पैसे मी देऊ केले, काकांनी घेतले नाहीत. साहेबांनीही देऊ केले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आता माझ्या कागदात दोन दिवसांच्या मधे एक वेगळी ओळ असते: '११ ची रात्र, डोकं कुठे टेकणार'. तिथे एकच नाव यायला हवं. दोन आली किंवा ओळ रिकामी राहिली, तर कागद जात नाही. मध्यरात्रीनंतर सुटणारं जे काही असेल ते त्याच ओळीत, आदल्या दिवसाच्या खाली, आणि शेजारी 'हॉटेलवरून ११ ला रात्री १० वाजता निघणे'. पहाटे पोचणाऱ्या गाडीलाही तेच, कारण दुपारी बाराला मिळणारी खोली पहाटे तीनला कामाची नसते.

काका परत आल्यावर गंगेचा गडू द्यायला ऑफिसात आले आणि माझा कागद टेबलावर ठेवून गेले, घडीवर फाटलेला. निघण्याआधी त्यांनी तो तिकिटांशी ताडून पाहिला होता. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण होती. त्या गाडीपुढेही.