जंजिऱ्याले जाऊन आलो

शाळेच्या सहलीहून परतलेला पुतण्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर उभा राहून मला सांगत होता, "काका, आमी जंजिऱ्याले जाऊन आलो. तिथं लोखंडाच्या साखळ्या होत्या म्हून त्याचं नाव जंजिरा." समुद्र आमच्यापासून शेकडो कोस दूर असल्यामुळे त्याला लगेच कोणी टोकले नाही, पण मला मात्र राहवले नाही.

साखळीला जंजीर म्हणतात ते फारसीत. जंजिरा आला आहे तो अरबीतल्या 'जझीरा' या शब्दापासून, आणि त्याचा अर्थ आहे बेट. मराठी जिभेने मध्ये अनुस्वार घातला आणि त्या एका टिंबापायी बेटाची साखळी झाली. खरे तर राजपुरीहून होडीत बसल्याशिवाय त्या किल्ल्यात पाऊल ठेवता येत नाही, यातच नावाचा खुलासा आहे.

मला अधिक गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. अरबीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे, परंतु शेवटी 'आ' ऐकताच मराठीने त्याला घोड्याच्या आणि वाड्याच्या रांगेत बसवले, त्यामुळे जंजिऱ्याला, जंजिऱ्यात अशी रूपे आपण विचार न करता वापरतो. तो एकाच किल्ल्याचा राहिला नाही, पाण्यातल्या कोणत्याही दुर्गाचे सामान्यनाम झाला, आणि जुन्या कागदांत 'जंजिरे विजयदुर्ग' असेही लिहू लागले. 'किल्ले रायगड'मधला 'ए' जसा फारसीतून आलेला जोडणीचा, तसाच हाही.

पोर्तुगीज नावांचे इतके जमले नाही. मांडवीच्या मुखाजवळचा आग्वाद हा किल्ला 1612 साली पुरा झाला. तिथे जहाजे गोडे पाणी भरून घेत, आणि पोर्तुगीजांच्या 'आग्वा' म्हणजे पाणी या शब्दावरून त्याला हे नाव पडले. मुंबईतल्या सांताक्रूझचा अर्थ पवित्र क्रूस. ही नावे मराठीत रोज उच्चारली जातात, पण पाण्याच्या जागेला आपण कधी 'एक आग्वाद' म्हणालो नाही. ती विशेषनामेच राहिली. पणजीजवळच्या सांताक्रूझला तर कोंकणीत कालापूर असे वेगळे नावच आहे. राजवटीने दिलेले नाव आणि व्यवहारातून झिजत आलेले नाव यांत हा फरक पडत असावा, असे मला वाटते.

पुतण्याने वहीतली 'साखळी' खोडली आणि 'बेट' लिहिले. मग विचारले, "अन् आपल्या सातबाऱ्यावरचा मौजा कुठला?" तोही अरबीच, आणि त्याचा अर्थ नुसती जागा. त्याच्याच शेजारी लिहिलेले तहसील आणि जिल्हा हे दोन्ही शब्दसुद्धा अरबी मुळाचेच, हे सांगितल्यावर तो आमच्या कोरडवाहू वावराकडे जरा संशयाने पाहू लागला.